बेदाण्याच्या स्टोरेजला स्प्रे पफ मारायचाय: ओपन सेल की क्लोज्ड सेल?

बेदाणावाला

नमस्कार मंडळी. तासगावजवळ आमचं जुनं गोडाऊन आहे, ६० बाय ४०, उंची १४ फूट. भिंती नऊ इंची विटेच्या, वर पत्रा. पूर्वी तिथं खतं ठेवायचो. आता त्यातच बेदाण्याचं छोटं कोल्ड स्टोरेज करायचं चाललंय, आत ४ डिग्री धरायचं. जुन्या बांधकामात पॅनेल बसवायला खांब आणि कैच्या आड येतात, म्हणून आतून स्प्रे पफ, म्हणजे फवारून फुगणारा पॉलियुरेथेनचा फोम, मारावा असं ठरलं.

दोन कोटेशन आलीत. एकानं क्लोज्ड सेल, म्हणजे आतले कप्पे बंद असलेला, घनमीटरला ३५ किलो घनतेचा, भिंतीला १०० मिमी आणि पत्र्याखाली १२५ मिमी सांगितलाय. दुसरा उघड्या कप्प्यांचा देतोय, म्हणतो, "साहेब, ओपन सेल घ्या. वॉटर ब्लोन आहे, पर्यावरणाला चांगला. जाडी दीडपट देतो, तरी निम्म्यात बसवतो." जाडी वाढवली की गारवा तेवढाच टिकतो हे गणित मलाही पटतंय. मग लोक दुप्पट पैसे का घालतात? नमुना दोघांनीही दिलाय. ओपनवाला पावासारखा दबतो, क्लोज्डवाला नखानं खरवडला तर भुगा पडतो. जाणकारांनी सांगावं.

कंप्रेसरकाका

स्प्रेच्या भानगडीत पडूच नका. आमच्या स्टोरेजला भिंतीला गरम डांबर, त्यावर थर्माकोलचे दोन थर सांधे चुकवून, वर कोंबडीजाळी आणि प्लास्टर. अठरा वर्षं झाली. स्प्रेवाला तीन दिवसांत मारून जातो, पुढं तुमचं तुम्ही बघा.

मिनियापोलिसचा मध्या

आमच्या घराला पोटमाळ्यावर ओपन सेल आहे, बाहेर उणे पंचवीसपर्यंत जातं तरी सात वर्षं काही तक्रार नाही. ओपन सेल वाईट असतो हा गैरसमज आहे. फक्त बाष्प अडवायला आतल्या बाजूनं प्लास्टिक किंवा बाष्परोधक रंग लावावा लागतो. तुम्हीही ओपन सेल मारा, आतून प्लास्टिक लावा, पैसे वाचवा.

उष्मा

मध्या, तुमचं घर ठीक आहे, पण हा सल्ला बेदाणावाल्यांनी ऐकला तर दोन पावसाळ्यांत भिंत ओली होईल. पटकन सांगते का ते.

बाष्प गरम-दमट बाजूकडून थंड-कोरड्या बाजूकडं जातं. मिनेसोटात हिवाळ्यात गरम बाजू म्हणजे घराचं आतलं अंग, म्हणून तुम्ही प्लास्टिक आतून लावता. स्टोरेजमध्ये सगळं उलटं. थंडी आत, गरम-दमट हवा बाहेर, आणि हे बारा महिने चोवीस तास. तिथं आतून प्लास्टिक लावलं तर बाहेरून आलेलं पाणी फोममधून पार येऊन त्या प्लास्टिकवर अडकणार, आणि बाहेर पडायला वाट नाही. "गरम बाजूला अडवा" हा नियम तुमचा बरोबर आहे, बाजू तेवढी चुकली.

बेदाणावाले, आता तुमचा प्रश्न. जाडी वाढवून उष्णतेचा हिशेब जमतो हे खरंय. क्लोज्डची उष्णतावाहकता थोडी जुनी झाल्यावर ०.०२४ च्या आसपास धरा, ओपनची ०.०३८. म्हणजे १०० मिमी क्लोज्डचं काम करायला साधारण १६० मिमी ओपन लागेल. दीडपट म्हणजे तुमचा माणूस फार खोटं बोलत नाहीये. त्यानं फक्त अर्धीच गोष्ट सांगितली. दुसरी अर्धी पाण्याची आहे.

पावसाळ्यातला एक दिवस घेऊ. बाहेर २८ डिग्री, आर्द्रता ८० टक्के. अशा हवेला साधारण २४ डिग्रीला दव पडतं. आत ४ डिग्री. म्हणजे बाहेरून आत येताना फोमच्या पहिल्या सहाव्या भागातच तापमान दवबिंदूच्या खाली जातं. १०० मिमीच्या थरात बाहेरून जेमतेम १७ मिमी. त्याच्या पुढचा सगळा फोम दव धरायला मोकळा. आता नुसत्या फोममधून किती बाष्प जातं ते बघा. विटेचा अडथळा घटकाभर सोडून देऊ. १०० मिमी ओपन सेलमधून त्या हवेत दर चौरस मीटरला दिवसाला साधारण दीडशे ग्रॅम पाणी जाऊ शकतं. तेवढ्याच क्लोज्डमधून पाच-सहा ग्रॅम. शंभर चौरस मीटरच्या भिंतीला हा फरक पंधरा लिटर आणि अर्धा लिटर असा पडतो.

हे पाणी एक तर कूलरच्या कॉइलवर जाऊन बर्फ होतं, नाहीतर वाटेत फोममध्येच बसतं. फोम ओला झाला की त्याचा निरोधकपणा गेला. मग ती दीडपट जाडी काय कामाची?

बेदाणावाला

उष्माताई, आता डोक्यात शिरलं. पण तुम्ही म्हणता विटेचा अडथळा सोडून दिला. आमची भिंत नऊ इंची आहे, दोन्हीकडून प्लास्टर. ती काहीच अडवत नाही?

उष्मा

अडवते, बरंच अडवते. कागदावर नऊ इंची विटेची भिंत बाष्पाला जवळजवळ १०० मिमी क्लोज्ड सेलइतकाच विरोध करते. म्हणजे धड भिंत असेल तर ओपन सेल मारूनही पंधरा लिटर येणार नाही, बरंच कमी येईल. हे कबूल करायला हवं, नाहीतर उद्या तुमचा ओपनवाला हाच मुद्दा काढून मला खोटं पाडेल.

पण तीन गोष्टी आहेत. एक, प्रत्यक्षातली जुनी भिंत कागदासारखी नसते. वीट आणि बीमच्या सांध्याला चीर असते, वायरिंगचे पाईप असतात, दाराची चौकट असते. तिथून बाष्प एकटं येत नाही, हवाच येते, आणि हवा सोबत कितीतरी जास्त पाणी आणते. दोन, तुमचा पत्रा. पत्रा स्वतः बाष्प सोडत नाही, पण त्याचे सांधे, स्क्रूची भोकं आणि वरचा रिज सगळा उघडा असतो. तीन, आतलं अस्तर. तुम्ही आतून प्रीकोटेड पत्रा किंवा एफआरपीची शीट मारणार असाल ना? ती बाष्प अडवते. मग थोडं थोडं का होईना, आलेलं पाणी ओपन सेलमध्ये साठत राहणार. रोज वाटीभर पाणी म्हटलं तरी वर्षाचं काय होईल ते बघा.

कसं कळतं तेही सांगते. कूलरवर आधी होत होता त्यापेक्षा बर्फ लवकर जमायला लागतो. कंप्रेसर बंद होण्याआधी जास्त वेळ चालतो. अस्तराच्या खालच्या सांध्यातून पाणी पाझरतं. आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला घाम फुटतो, कारण आतला फोम ओला होऊन तिथं थंडी बाहेर यायला लागलेली असते. घाम दिसला की समजा काम बरंच पुढं गेलंय.

त्रिताल

मंडळी, मध्येच विचारतो. पुण्यात फ्लॅटमध्ये तबल्याच्या रियाजाची खोली करायचीय. शेजारचे वैतागलेत. ओपन सेल आवाज शोषतो असं वाचलं. भिंतीला चार इंच मारला तर बाहेर आवाज जाणार नाही ना?

फवारणीवाला

त्रिताल, जाईल. डग्ग्याचा घुमारा तर नक्कीच जाईल. ओपन सेल मारल्यावर तुमच्या खोलीतला गुंजारव कमी होईल, तुम्हाला स्वतःला तबला छान ऐकू येईल. पण शेजारी जाणारा आवाज अडवायला वजन लागतं, आणि ओपन सेल म्हणजे घनमीटरला आठ किलोच्या आसपास, हवाच की ती. वेगळ्या फ्रेमवर जिप्सम बोर्डाचे दोन थर मारा, पोकळीत हवा तर ओपन सेल भरा किंवा रॉकवूल. क्लोज्ड मात्र त्यात नको, तो कडक असतो आणि दोन्ही अंगांना चिकटून हादरा पलीकडे पोचवतो.

मी भोसरीला असतो, बारा वर्षं स्प्रेचंच काम करतोय. बेदाणावाल्यांचा धागा आहे तर आतल्या चार गोष्टी सांगतो.

कोटेशनमधल्या "वॉटर ब्लोन" शब्दावर जाऊ नका. पाणी घालून फुगवलेला फोम ओपनही असतो आणि क्लोज्डही करता येतो. पूर्वी आपल्याकडं क्लोज्ड फुगवायला एचसीएफसी-१४१बी चालायचं, ते १ जानेवारी २०२० पासून बंद झालं. आता कोणी एचएफओ वापरतो, कोणी इतर काही. त्यामुळं "पर्यावरणाला चांगला" हे हल्ली सगळेच म्हणतात. तुम्ही एकच विचारायचं, मारल्यानंतरची घनता किती आणि बंद कप्प्यांचं प्रमाण किती, हे कंपनीच्या डेटा शीटवर दाखव. ड्रमातल्या केमिकलची घनता वेगळी, ती दाखवून काही लोक गंडवतात.

आणि कंप्रेसरकाका, "मारून जातो" हे काही जणांच्या बाबतीत खरं आहे. नाकारत नाही.

कंप्रेसरकाका

मग नाकारत नाहीस ना! आमच्या शेजारच्यांनी स्प्रे केला होता, दुसऱ्या उन्हाळ्यात छताचा फोम पत्र्यापासून सुटून पापड लोंबावा तसा लोंबत होता. आतून कप्पे बंद असोत की उघडे, चिकटलाच नाही तर काय करायचं?

फवारणीवाला

काका, ते बहुतेक वेळा पत्र्यामुळंच होतं. नवा जीआय पत्रा असेल तर त्याला तेल असतं, जुना असेल तर गंज आणि धूळ. थंडीत सकाळी पत्र्याला आतून दव असतं आणि माणसं कामाला आठलाच सुरू करतात. आमचा ए ड्रम म्हणजे आयसोसायनेट, त्याला पाण्याशी लगेच खेळायचं असतं. ओल्या पत्र्यावर मारलं की फोम पत्र्याला चिकटायचा सोडून त्या पाण्याशीच लागतो. वरून छान दिसतं, मागं खरबरीत पोकळ थर.

दुसरं कारण जाड फवारा. फोम फुगताना आतून तापतो. एका वेळी वीस-पंचवीस मिमी मारायचं, हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं, मग पुढचा थर. १०० मिमीला चार-पाच थर होतात, त्याला दिवस जातो. घाईत कोणी दोन थरांत उरकलं तर आत तापमान इतकं चढतं की पोटातला फोम तपकिरी होतो, थंड झाल्यावर आखडतो आणि कडेनं पत्रा सोडतो. अती जाड मारून आतून धूर निघालेला मी स्वतः पाहिलाय. कापून बघा, पिवळसर पांढऱ्याच्या मध्यभागी भाजल्यासारखा पट्टा दिसला तर माणूस घाईत होता.

ए आणि दुसऱ्या ड्रमातला बी, दोन्ही समान मापानं यायला हवेत. मशीनचा एखादा पंप कमी ओढत असेल तर तेही फोमवर कळतं. ए जास्त झाला तर फोम ठिसूळ, बिस्किटासारखा तुटतो. बी जास्त झाला तर मऊ, चिकट, आणि माशासारखा वास मारतो तो आठवडाभर जात नाही. बेदाणा वास धरतो हे तुम्हाला मी काय सांगू.

बेदाणावाला

वासाचं ऐकून पोटात गोळा आला. सौद्यात वास आलेल्या मालाला कोणी हात लावत नाही. हे सगळं काम झाल्यावर मी कसं तपासायचं? माझ्याकडं लॅब नाही.

उष्मा

स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो, एक ग्रॅम दाखवणारा हवा. प्रत्येक भिंतीतून आणि छताच्या दोन ठिकाणांहून एक तुकडा कापून घ्या. वरची चकचकीत साल आणि भिंतीला चिकटलेला थर काढून टाका, कारण ते दोन्ही जास्त दाट असतात आणि आकडा फुगवतात. मधला तुकडा १०० बाय १०० बाय ५० मिमी असा चौकोनी करा. म्हणजे अर्धा लिटर. घनता ३५ असेल तर त्याचं वजन साडेसतरा ग्रॅम भरायला हवं. बारा ग्रॅम भरलं तर तुम्हाला २४ चा फोम मिळालाय, ३५ चे पैसे घेऊन. चार ग्रॅम भरलं तर तो सरळ ओपन सेल आहे.

कापतानाच चिकटलाय का तेही कळतं. तुकडा ओढल्यावर फोम मधूनच फाटला आणि भिंतीला त्याचा थर राहिला तर काम चांगलं. पत्रा स्वच्छ उघडा पडला तर नाही. भोक लगेच त्याच माणसाकडून भरून घ्या.

जाडीला सायकलची तार चालते, खूण करून टोचायची. दर दहा चौरस मीटरला एकदा तरी, आणि कोपरे व पर्लिनच्या बाजूला जास्त. तिथंच माणूस हात आखडतो.

फवारणीवाला

ताई, मी अजून एक सांगतो, आमच्या धंद्यातले शिव्या घालतील. बेदाणावाले, ड्रम मोजा.

तुमच्या भिंती घेराला २०० फूट, उंची १४, म्हणजे साधारण २६० चौरस मीटर. १०० मिमीनं २६ घनमीटर, ३५ नं गुणलं की ९१० किलो. छत उतारासकट २४० चौरस मीटर धरा, १२५ मिमीनं ३० घनमीटर, १०५० किलो. झाले १९६०. हवेत उडालेला, सोललेला, वाया गेलेला दहा-पंधरा टक्के धरून बावीसशेच्या आसपास. ए आणि बीची एक जोडी साधारण ४७० किलोची. म्हणजे पाच जोड्यांना थोडं कमी. पत्रा नालीदार आहे, त्यामुळं पाच लागतीलच. तुमच्या दारात साडेतीन जोड्याच उतरल्या तर बाकीचा फोम कुठून येणार?

रिकामे ड्रम काम संपेपर्यंत अंगणात ठेवायला सांगा. आणि सील तुमच्यासमोर फोडायला लावा.

देवगडी

नमस्कार. विषय निघालाच आहे म्हणून. आमचं कौलारू घर आहे, मंगलोरी कौलं. पावसात चार ठिकाणी गळतं आणि मे महिन्यात माळ्यावर बसवत नाही. एकजण म्हणाला कौलांना खालून क्लोज्ड सेल मारू, गळती आणि गरमी दोन्ही जाईल. करू का?

उष्मा

नको. कौलं एकमेकांना आणि रिपांना चिकटून एक अखंड लादी होईल. माकडानं किंवा नारळानं एक कौल फोडलं की बदलता येणार नाही. आणि पाणी थांबणार नाही, ते फोमच्या वरून वाट काढत रिपेवर जाऊन बसेल, वरून दिसणार नाही, खालून दिसणार नाही, वासा कुजल्यावर कळेल. ओपन सेल मारलात तर तो पाणी पिऊन जड होऊन खाली येईल, निदान कळेल तरी. दोन्ही नकोत. आधी कौलं शेकारून घ्या. माळ्याच्या तक्तपोशीवर निरोधक अंथरा आणि कौलांखालून वारा खेळता ठेवा.

मिनियापोलिसचा मध्या

उष्माताई, बाजूचं मान्य. माझं घर लाकडी चौकटीचं आहे, आतून जिप्सम आणि बाष्परोधक रंग. लाकूड हलतं, त्यामुळं मऊ फोम फटी भरून हलत राहतो हा ओपनचा फायदा इथं सगळे सांगतात. शिवाय छत गळलं तर डाग खाली दिसतो. पण मग भारतात ओपन सेल कुठंच चालत नाही का?

उष्मा

चालतो, जागा कमी आहेत एवढंच. दोन्ही बाजूंना साधारण सारखंच हवामान असेल तिथं त्याला काही होत नाही. ऑफिसमधली आतली पार्टिशन, स्टुडिओ, हॉटेलच्या दोन खोल्यांमधली भिंत. फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीत आवाजासाठी. पश्चिमेच्या भिंतीला आतून मारून वर जिप्सम बोर्ड, असं कोरड्या गावात एसी नसलेल्या खोलीला चालेल. मुंबईत त्याच खोलीत एसी बावीसवर लावून पावसाळा काढायचा असेल तर मी क्लोज्डच सांगेन, आणि त्याआधी भिंतीची बाहेरची गळती बंद करा म्हणेन. गळकी भिंत आतून झाकणं हा मुंबईतला आवडता उद्योग आहे.

गच्चीच्या स्लॅबवर वरून मारायचा असेल तर प्रश्नच नाही. तिथं पाय पडतात, पाणी साचतं. क्लोज्ड, आणि तोही भिंतीपेक्षा दाट, ४०-४५ च्या पुढचा. वर उन्हाचं आवरण हवंच. उघडा फोम काही दिवसांत नारिंगी पडतो, मग भुगा व्हायला लागतो. जाळी घालून कोबा करा किंवा त्यासाठीचं कोटिंग लावा.

स्प्रेच्या कामाला आपल्याकडं आयएस १२४३२ चा भाग ३ आहे. कोटेशनमध्ये तो लिहून घ्या, पण नुसता लिहिला म्हणून पाळला असं समजू नका.

कंप्रेसरकाका

बाकी सगळं ऐकलं. पण डांबराचं कोणीच बोलत नाही. बाष्प बाहेरच्या बाजूला अडवायचं म्हणता, मग फोम मारण्याआधी विटेच्या आतल्या अंगाला डांबर नको? आम्ही तर त्याशिवाय थर्माकोलही लावला नाही.

फवारणीवाला

काका, थर्माकोल डांबरात बसतो, आमचा फोम डांबरावर धरत नाही. मऊ थरावर गरम फोम आखडला की डांबरासकट सुटतो. मी डांबरावर मारायला सरळ नकार देतो. प्लास्टर कोरडं करून द्या, फार तर इपॉक्सी प्रायमर मारा. क्लोज्ड सेल १०० मिमी हाच तुमचा बाष्परोधक.

कंप्रेसरकाका

"हाच बाष्परोधक" असं तूच म्हणतोस आणि पाच ग्रॅम पाणी रोज जातं असं ताई म्हणतात. वीस वर्षांचे किती झाले?

उष्मा

काकांचा प्रश्न वाजवी आहे. ४ डिग्रीच्या स्टोरेजला ते पाणी बहुतेक आत जाऊन कॉइलवर येतं, कारण क्लोज्ड सेल ते धरून ठेवत नाही. आतलं अस्तर फार घट्ट नसेल तर मला काळजी वाटत नाही. उणे वीसच्या मासळीच्या स्टोरेजला मात्र मी नुसत्या फोमवर विसंबणार नाही. तिथं पाणी वाटेतच गोठतं, बाहेर पडत नाही, आणि दरवर्षी थोडा थोडा बर्फ फोमला भिंतीपासून उचलतो. तिथं बाहेरच्या अंगाला वेगळा बाष्परोध हवाच. तुमच्यासाठी मी बाहेरून भिंतीला चांगलं रोधक कोटिंग सुचवेन, चिरा भरून. फवारणीवाल्यांना चिकटायला प्लास्टर मिळेल, काकांना अडथळा मिळेल. पण बाहेरचं कोटिंग उन्हापावसानं पाच-सात वर्षांत चिरतं आणि परत लावायला कोणी विचारत नाही, हेही खरंय. डांबर आत लपलेलं असतं, त्याला ऊन लागत नाही. त्या बाबतीत काकांची पद्धत शहाणी होती.

जमिनीला स्प्रे मारू नका. बॉक्सच्या थप्प्यांचा भार असतो, तिथं कडक स्लॅब फोम किंवा एक्सपीएस खाली बाष्परोधक घालून, वर कोबा.

फवारणीवाला

आणि रॅकचं, पाईपचं सगळं वेल्डिंग फोम मारायच्या आधी उरकून घ्या. नंतर कोणालाही आत वेल्डिंग करू देऊ नका. फोम उघडा असताना एक ठिणगी पुरते, आणि तो पेटला की धूर इतका काळा आणि विषारी असतो की माणसाला दार सापडत नाही. क्लोज्ड काय, ओपन काय, यात दोघंही सारखेच. अस्तर मारल्याशिवाय माल भरू नका. उंदीरही उघड्या फोमात घर करतात.

फवारा चालू असताना आणि नंतर चोवीस तास तुमची माणसं आत नकोत. आमच्यातला एकजण साध्या कापडी मास्कवर वर्षानुवर्षं मारायचा. आता त्याला ड्रम उघडला तरी दमा उठतो, धंदा सोडावा लागला.

बेदाणावाला

सगळ्यांचे आभार. आज क्लोज्डवाल्याचं विट्याजवळचं जुनं काम बघून आलो. मालक भला माणूस, त्यानं दोन ठिकाणी कापू दिलं. घरी येऊन तराजूवर ठेवलं. भिंतीचा तुकडा सतरा ग्रॅम, छताचा तेरा. म्हणजे ३४ आणि २६. छताच्या तुकड्याच्या पोटात फिकट तपकिरी पट्टाही आहे, पण पत्र्याला चिकटलेला मात्र घट्ट होता, चाकूनं खरवडावा लागला.

त्याला फोन करून विचारलं. म्हणतो, "छताला उन्हात मारला होता, पत्रा तापला की फोम जास्त फुगतो." हे खरं असतं का?

फवारणीवाला

अर्धं खरं. तापलेल्या पत्र्यावर पहिला थर जास्त फुगतो, हलका होतो. पण पाचही थर हलके व्हायला पत्रा कारण नाही, पुढचे थर फोमवर पडतात. तपकिरी पट्टा आहे म्हणता, मग मला वाटतं त्यानं छताला दोनच जाड थर मारलेत. जाड थर आत जास्त तापतो, तापला की जास्त फुगतो, आणि हलका राहतो. तुमच्याकडं सकाळी दव सुकल्यावर, साधारण नऊ ते बारा, छत करून घ्या, आणि थर मोजायला एक माणूस उभा करा.

कंप्रेसरकाका

मोजायला मी येतो. तासगाव लांब नाही. पण डांबराचं अजून पटलेलं नाही.

त्रिताल

जिप्समचे दोन थर म्हणजे खोली दोन्हीकडून किती इंच लहान होईल? दहा बाय नऊचीच आहे हो.